डोळ्यासमोर अचानक काळी जळमटं: मधुमेहींनी पहिल्या दिवसापासून ऑपरेशनच्या निर्णयापर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करावं

नाशिकमध्ये रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, ओपीडीत डोळे तपासायचं काम मी करते. द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की निफाड, पिंपळगाव, दिंडोरीकडून ठराविक तक्रार घेऊन माणसं येतात: "ताई, डोळ्यात जळमट आलंय, पुसून जात नाही." विचारावं तर कळतं की ते येऊन आठ-दहा दिवस होऊन गेले आहेत. मधल्या काळात चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून झालेला असतो, गुलाबपाणी घालून झालेलं असतं, आणि स्टेंट बसवलेल्या एखाद्या काकांनी रक्त पातळ करणारी गोळी मनानेच बंद केलेली असते.

दुसरी चूक उलट्या टोकाची. डॉक्टरांनी "थोडं थांबू" म्हटलं की काही जण सहा-सहा महिने घरीच बसतात. त्या थांबण्यालाही वेळापत्रक असतं, ते न पाळल्याने डोळा हातचा गेलेला मी पाहिला आहे. म्हणून हा लेख मुख्यतः त्या थांबण्याबद्दल आहे.

आत काय झालेलं असतं, ते आधी थोडक्यात. जुन्या मधुमेहात डोळ्याच्या मागच्या पडद्याला रक्त कमी पडतं, म्हणून तिथे नव्या, अतिशय नाजूक रक्तवाहिन्या फुटतात. डोळ्याच्या पोकळीत जेलीसारखा काचरस भरलेला असतो आणि या वाहिन्या त्याला चिकटून वाढतात. वयाने काचरस आकसतो, पडद्यापासून सुटायला लागतो आणि सुटताना वाहिनी ओढली जाऊन फुटते. ते रक्त काचरसात पसरतं. पडद्यावर पडलेली त्याची सावली म्हणजेच तुम्हाला दिसणारी जळमटं. डोळा दुखत नाही, बाहेरून लालही होत नाही, म्हणून लोक गाफील राहतात.

## १. पहिला अर्धा तास: घरच्या घरी तपासणी

एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि दुसऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघा. मग डोळा बदला. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं तर चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकून टाकतो. "तसं बरं दिसतंय की" असं वाटतं ते त्यामुळेच.

आता पुढच्या चार गोष्टी कागदावर लिहा. कोणत्या डोळ्यासमोर आहे. किती वाजता सुरू झालं. मोठे आकडे वाचता येतात का, की फक्त तिथीची बारीक अक्षरं गेली आहेत. आणि बाजूने काळा पडदा सरकत आल्यासारखं किंवा विजेसारखे चमकारे दिसतात का.

काहींना धूर खालून वर चढतोय असं दिसतं आणि ते घाबरतात. पडद्यावर चित्र उलटं पडतं, त्यामुळे खाली बसणारं रक्त वर चढल्यासारखं दिसतं. तेवढ्याने घाबरू नका.

इशारा: चमकारे किंवा एका बाजूने सरकणारा काळा पडदा दिसत असेल तर डोळ्याचा मागचा पडदा फाटल्याची किंवा सुटल्याची शक्यता असते. मग त्याच दिवशी निघा, हंगाम असो की लग्न.

## २. निघण्याआधीची तयारी

दवाखान्यात फोन करताना "नजर कमी झाली आहे" एवढंच सांगू नका. त्यावर दहा दिवसांनंतरची वेळ मिळू शकते. असं सांगा: "मला मधुमेह आहे, काल संध्याकाळी उजव्या डोळ्यासमोर अचानक काळी जळमटं आली, दिसणं कमी झालंय. तुमच्याकडे रेटिनाचे डॉक्टर आणि डोळ्याची सोनोग्राफी आहे का?" शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. डोळ्यांच्या प्रत्येक दवाखान्यात सोनोग्राफी नसते, आणि या आजारात तिच्याशिवाय पुढचा निर्णय अडतो. चमकारे नसले तरी चोवीस तासांच्या आत तपासणी व्हायला हवी.

पिशवीत चालू गोळ्यांची पाकिटं टाका (नावं आठवत बसू नका, पाकिटंच आणा), साखरेचे आणि रक्तदाबाचे अलीकडचे रिपोर्ट, आधी लेझर, म्हणजे नव्या वाहिन्या सुकवण्यासाठी पडद्यावर किरणांचे ठिपके देण्याचा उपचार, झालं असेल तर ते कागद, आणि जेवणाचा डबा. तपासणीला तीन-चार तास सहज जातात आणि इन्सुलिन घेणाऱ्याची साखर रांगेत बसल्या बसल्या उतरते. थेंब टाकून बाहुली मोठी केल्यावर काही तास जवळचं नीट दिसत नाही आणि उजेडाने डोळे दिपतात, म्हणून गाडी चालवायला दुसरं कुणी असावं.

इशारा: अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी स्वतःहून बंद करू नका. मधुमेही रुग्णांना रोज ६५० मिलिग्रॅम अॅस्पिरिन देऊन केलेल्या मोठ्या अभ्यासात डोळ्यातला रक्तस्राव त्याने वाढलेला दिसला नाही. उलट गोळी थांबल्याने स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेतू शकतं. बदल करायचा की नाही, हे हृदयाचे आणि डोळ्याचे डॉक्टर मिळून ठरवतील.

## ३. पहिली भेट: तीन उत्तरं घेतल्याशिवाय घरी येऊ नका

इथून पुढे एका रुग्णाची हकिगत सोबत ठेवते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. निफाड तालुक्यातले एक बागायतदार काका, वय ५२, मधुमेह १४ वर्षांचा. फेब्रुवारीत क्रेट उचलताना उजव्या डोळ्यासमोर शाई सांडल्यासारखं झालं. माल उतरल्यावर बघू म्हणत ते सहाव्या दिवशी आले. उजव्या डोळ्याने एका मीटरवरून बोटं मोजता येत होती, त्यापलीकडे काही नाही. "क्रेट उचललं म्हणून झालं का?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. तसं काही नाही. असे कितीतरी रक्तस्राव झोपेतही होतात. वाहिनी आधीच फुटायला टेकलेली असते.

पहिलं उत्तर घ्यायचं ते पडद्याबद्दल: तो जागेवर आहे का? रक्तामुळे डॉक्टरांना आत दिसत नाही, म्हणून मिटलेल्या पापणीवर जेल लावून सोनोग्राफी करतात. पाच-दहा मिनिटं लागतात, दुखत नाही. पडदा सपाट आहे, कुठे फाटलेला किंवा ओढला गेलेला नाही, हे दिसलं तरच थांबता येतं. काकांचा पडदा सपाट होता.

दुसरं उत्तर: रक्त कुठून आलं? मधुमेह आहे म्हणजे रक्त मधुमेहाचंच, असं धरून चालत नाही. पडद्याला छिद्र पडूनही रक्त येतं आणि त्याचा उपाय तातडीचा असतो. शिवाय डोळ्याचा दाब मोजून घ्या, आणि बाहुली मोठी करण्याआधी बुबुळावर नव्या वाहिन्या आल्या आहेत का तेही बघायला हवं. तिथे वाहिन्या आल्या तर पुढे अतिशय अवघड काचबिंदू होतो.

तिसरं उत्तर दुसऱ्या डोळ्याबद्दल, आणि तेच बहुतेक जण विचारायचं विसरतात. काकांचा डावा डोळा तक्त्यावर ६/९ वाचत होता; यात ६/६ म्हणजे पूर्ण नजर, आणि खालचा आकडा जितका मोठा तितकी नजर कमी. त्यांच्या मते तो अगदी ठणठणीत. बाहुली मोठी करून पाहिलं तर तिथेही नव्या वाहिन्या होत्या, फक्त अजून फुटल्या नव्हत्या. त्या डोळ्याचं लेझर पुढच्या दोन आठवड्यांत दोन बैठकांमध्ये उरकलं. त्यांच्या सगळ्या उपचारात सर्वात मोलाचं काम कोणतं, असं विचाराल तर मी हेच सांगेन.

पडताळा: घरी निघताना कागदावर "पडदा सपाट" किंवा त्या अर्थाचं काही लिहिलेलं आहे का? डोळ्याच्या दाबाचा आकडा आहे का? पुढची तारीख आहे का? यातलं एक जरी नसेल तर परत आत जाऊन विचारा.

## ४. थांबण्याचं वेळापत्रक

पहिले काही दिवस डोक्याकडची बाजू उंच ठेवून झोपा, साधारण ३० ते ४५ अंश. नुसत्या उशा घसरतात. उशांसोबत खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या तर बरं, पण नुसत्या विटांनी एवढा कोन येत नाही. बसून राहिलं की रक्त खाली बसतं आणि मधला भाग मोकळा होतो. रात्री आडवं झालं की ते पुन्हा पसरतं, म्हणून सकाळी जास्त धूसर आणि दुपारनंतर थोडं स्वच्छ, असं रोज होऊ शकतं. त्याला नवा रक्तस्राव समजू नका.

नजरेची नोंद रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून, एकेका डोळ्याने ठेवा. काकांच्या सुनेने दाराच्या चौकटीपाशी फरशीवर खडूने रेघ मारली होती. तिथे उभं राहून समोरचं कॅलेंडर वाचायचं आणि वहीत लिहायचं: "मोठे आकडे दिसले", "वार दिसला", "काहीच नाही". या तीन प्रकारच्या नोंदी डॉक्टरांना "जरा बरं वाटतंय" यापेक्षा कितीतरी जास्त सांगून जातात. रक्त खाली बसतं तेव्हा पडद्याचा वरचा भाग आधी मोकळा होतो आणि माणसाला जमिनीकडचं आधी दिसायला लागतं. वरचा अर्धा भाग धूसर राहिला तरी हे सुधारण्याचंच लक्षण आहे.

रक्त पूर्ण विरायला काही आठवडे ते काही महिने लागतात. ते विरघळवणारा थेंब किंवा गोळी नाही. या काळात जड उचलणं, शौचाला जोर लावणं, डोकं खाली घालून करायची कामं टाळायला सांगतात. बद्धकोष्ठता असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

साखर ताब्यात हवी, पण घाबरून एकदम उपास धरू नका. बराच काळ वाढलेली साखर अचानक खूप खाली आणली तर पडद्याचा आजार काही काळ बिघडू शकतो. फिजिशियनला डोळ्याचं सांगा आणि वेग त्यांना ठरवू द्या. रक्तदाब मात्र आजच मोजा.

आत काही दिसत नसेल तोवर दर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी व्हायला हवी. पहिल्यांदा सपाट असलेला पडदा पुढेही सपाटच राहील, याची खात्री नसते. नव्या वाहिन्यांभोवती चिवट पापुद्रा तयार होतो, तो आकसतो आणि पडद्याला ओढायला लागतो, आणि हे सगळं रक्ताच्या आडोशाला, तुम्हाला न कळता. सुरुवातीला लिहिलं तो हातचा गेलेला डोळा असाच गेला. त्या बाई सात महिने एकदाही तपासणीला आल्या नव्हत्या.

इंजेक्शनबद्दल: थांबण्याच्या काळात काही वेळा डोळ्यात इंजेक्शन देतात. ते नव्या वाहिन्या सुकवतं, सांडलेलं रक्त पुसत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी स्वच्छ दिसेल अशी आशा ठेवू नका. आत चिवट पापुद्रा जास्त असेल तर इंजेक्शननंतर तो आकसून पडदा ओढला जाऊ शकतो. इंजेक्शननंतरच्या दोन-तीन आठवड्यांत नजर अचानक आणखी खाली गेली किंवा रेषा वाकड्या दिसू लागल्या तर तारखेची वाट बघू नका. गेल्या काही महिन्यांत हृदयाचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेला असेल तर इंजेक्शनआधी सांगा.

## ५. दिसायला लागलं की काम संपत नाही, सुरू होतं

सर्वात जास्त माणसं इथे चुकतात. चौथ्या आठवड्यात काका ६/३६ वाचू लागले. पडद्याचा वरचा भाग डॉक्टरांना दिसू लागला आणि त्याच दिवशी तेवढ्या भागात लेझर केलं, सुमारे पाचशे ठिपके. पूर्ण लेझरला साधारण १२०० ते १६०० ठिपके लागतात, ते दोन-तीन बैठकांत देतात. पुढची बैठक दोन आठवड्यांनी ठरली होती.

काका आले नाहीत. दिसत होतं, बागेची खरड छाटणी तोंडावर होती, खाटेखालच्या विटाही काढून झाल्या होत्या. त्यांना दोष देता येत नाही, कारण दिसायला लागलेला डोळा बरा झालेलाच वाटतो. पण विरलं ते फक्त सांडलेलं रक्त. ज्या वाहिन्यांतून ते आलं त्या तशाच होत्या. सातव्या आठवड्यात पुन्हा रक्त आलं आणि या वेळी डोळ्यासमोर फक्त हात हललेला कळत होता.

पडताळा: "माझं लेझर पूर्ण झालं का, की बाकी आहे?" हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारा आणि उत्तर फाइलवर लिहून घ्या. लेझरने नजर वाढत नाही, आहे ती टिकते. बाजूचं आणि रात्रीचं दिसणं थोडं कमी होऊ शकतं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

## ६. थांबणं कधी सोडायचं

काचरस काढून टाकण्याच्या ऑपरेशनला व्हिट्रेक्टॉमी म्हणतात. ते कधी करायचं, याची घाई तीन पायऱ्यांची असते.

काही दिवसांत: पडद्याला छिद्र पडून तो सुटला असेल, ओढ नजरेच्या मध्यबिंदूपर्यंत पोचली असेल, किंवा बुबुळावर नव्या वाहिन्या येऊन दाब वाढत असेल आणि रक्तामुळे लेझर करता येत नसेल.

काही आठवड्यांत: दोन्ही डोळ्यांत रक्त असेल, किंवा दुसरा डोळा आधीच गेलेला असेल. पूर्वी कधीच लेझर झालेलं नसेल. लहान वयापासून इन्सुलिनवर असलेला टाइप १ मधुमेह असेल. अशा रुग्णांत दाट रक्तस्रावासाठी लवकर ऑपरेशन केल्याचा फायदा १९८५ मध्येच दिसून आला होता. किंवा मध्यबिंदूसमोर रक्ताचा दाट थर साचला असेल, तोही पुढे पापुद्रा बनवतो.

बाकीच्यांनी साधारण एक ते तीन महिने थांबून पाहावं. रक्त विरत नसेल किंवा काकांसारखं पुन्हा आलं असेल तर पुढे थांबण्यात अर्थ नाही.

"इंजेक्शनवर भागेल का?" असं हटकून विचारतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०५ रुग्णांपैकी अर्ध्यांना इंजेक्शनं दिली, अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन केलं. सहा महिन्यांच्या सरासरी नजरेत लक्षणीय फरक आढळला नाही, पण ऑपरेशनवाल्यांना लवकर दिसू लागलं, आणि इंजेक्शनवाल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना दोन वर्षांत ऑपरेशन करावंच लागलं. म्हणून दर महिन्याला नाशिकला येणं जमणार असेल तर इंजेक्शनचा मार्ग चालतो. तारखा चुकणारच असतील तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लपवू नका, निर्णय त्यानेच बदलतो.

काकांच्या दुसऱ्या सोनोग्राफीत पडदा सपाट होता, पण डोळ्याच्या नसेच्या तोंडाजवळ पापुद्रा ताणलेला दिसला. नवव्या आठवड्यात ऑपरेशन ठरलं, त्याआधी चार दिवस एक इंजेक्शन.

## ७. ऑपरेशन: आधी, त्या दिवशी आणि नंतर

आधी साखर, रक्तदाब, ईसीजी आणि क्रिएटिनिन तपासून फिजिशियनकडून फिटनेस घ्यावा लागतो. यात आठवडा जातो, म्हणून निर्णय झाल्याच्या दिवशीच रिपोर्ट सुरू करा. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा जास्त आला म्हणून ऑपरेशन आपोआप पुढे ढकलू नका. पडदा ओढला जात असेल तर तेवढा वेळ नसतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे भरती होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. नंतर अडचण होते.

बहुतेक वेळा डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन डोळा बधिर करतात, रुग्ण जागा असतो. पांढऱ्या भागात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची तीन छिद्रं करतात: एकातून पाणी आत, एकातून उजेड, एकातून काचरस कापून ओढून घेणारं यंत्र. रक्त आणि काचरस काढतात, पापुद्रा सोडवतात आणि उरलेलं लेझर आतूनच पूर्ण करतात. एक ते दोन तास लागतात. तासभर आडवं झोपता येत नसेल, खोकला किंवा दम असेल, तर आधी सांगा.

शेवटी आत काय भरलं, हे नावानिशी विचारा. साधं द्रव असेल तर विशेष बंधन नाही. सिलिकॉन तेल असेल तर ते बहुधा काही महिन्यांनी काढावं लागतं. गॅस असेल तर तो विरेपर्यंत विमानप्रवास बंद.

इशारा, खास नाशिककरांसाठी: मुंबईत ऑपरेशन करून डोळ्यात गॅस घेऊन आलात तर कसारा घाट चढताना तुम्ही समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर वर येता. हवेचा दाब कमी होतो, गॅस फुगतो आणि डोळ्याचा दाब वाढू शकतो. निघण्याची तारीख सर्जनला "मी घाट चढून नाशिकला जाणार आहे" असं सांगूनच ठरवा. वाटेत डोळा दुखू लागला किंवा अंधारी आली तर अंगावर काढू नका. गॅस असेपर्यंत वणीचा गडही नको. दुसरं कुठलं ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना डोळ्यातल्या गॅसबद्दल सांगा, कारण भुलेच्या एका वायूने तो फुगतो.

पालथं झोपायचं की नाही, हे आत काय भरलंय त्यावर ठरतं. शेजारच्याला सांगितलं होतं म्हणून तुम्ही झोपू नका. थेंब साधारण महिना-दीड महिना चालतात. डोक्यावरून अंघोळ आणि रामकुंडावरचं स्नान डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही.

पहिल्या काही दिवसांत थोडी लालसर धूसरता परत येऊ शकते. ती बहुधा आपोआप विरते. पण दुखणं वाढत चाललं, पापणी सुजली, नजर कालच्यापेक्षा आज कमी झाली, तर त्याच दिवशी, रविवार असला तरी, दाखवा. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तासांचा हिशेब असतो.

काकांची धूसरता आठवडाभरात गेली. सहाव्या आठवड्यात उजवा डोळा ६/१२ वाचत होता. पन्नाशीनंतर या ऑपरेशनने मोतीबिंदू लवकर वाढतो. त्यांचाही वाढला, आणि पुढच्या वर्षी छाटणीच्या आधीच काढून घेतला. डाव्या डोळ्यात आजवर रक्त आलेलं नाही. दर चार महिन्यांनी दोन्ही बाहुल्या मोठ्या करून तपासणी असते, त्या दिवशी मोटारसायकल मुलगा चालवतो.